सरबताचा ग्लास, मुलाचे वजन आणि ‘एडीआय’ नावाची मोजपट्टी

आंब्याच्या किंवा संत्र्याच्या स्क्वॉशची बाटली हातात घेऊन तिच्या मागचा बारीक मजकूर वाचला, तर ‘परवानगी असलेला कृत्रिम खाद्यरंग, आयएनएस १०२’ आणि ‘परिरक्षक, आयएनएस २११’ असे दोन उल्लेख बहुधा सापडतात. यांतला १०२ म्हणजे टार्ट्राझिन, लिंबासारखा पिवळा रंग. आणि २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, बुरशी व यीस्ट यांची वाढ रोखणारी पांढरी पूड. हे पदार्थ बाटलीत आहेत, एवढे लेबल सांगते. ते किती आहेत, हे मात्र सांगत नाही. आणि समजा सांगितले असते, तरी तो आकडा कशाशी ताडून पाहायचा, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी जी मोजपट्टी वापरतात तिला ‘स्वीकारार्ह दैनिक सेवन’ म्हणतात. तिचे इंग्रजी आद्याक्षरांवरून झालेले नाव ‘एडीआय’ अधिक रूढ आहे, म्हणून या लेखात तेच वापरले आहे.

सुरुवातीलाच एक गोंधळ दूर करायला हवा, कारण वर्तमानपत्रांतल्या बातम्यांत तो हमखास होतो. अन्नसुरक्षेच्या नियमांत दोन वेगवेगळ्या मर्यादा असतात. एक मर्यादा पदार्थासाठी असते: एक किलो मिठाईत किंवा सरबतात जास्तीत जास्त किती मिलिग्रॅम रंग चालेल. तिला आपण पीपीएम म्हणतो, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. एक किलोत एक मिलिग्रॅम असेल तर तो एक पीपीएम. दुसरी मर्यादा माणसासाठी असते: शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला किती मिलिग्रॅम पोटात जाणे चालेल. एडीआय ही दुसरी. पहिली मर्यादा दुकानदाराला आणि कारखानदाराला बांधते, दुसरी कोणालाच कायद्याने बांधत नाही. ती नियम करणाऱ्यांच्या टेबलावरची मोजपट्टी आहे. एखादा नमुना ‘मर्यादेपेक्षा जास्त’ निघाला अशी बातमी वाचताना कोणती मर्यादा ओलांडली गेली, हे आधी पाहावे. पीपीएमची मर्यादा ओलांडणारी मिठाई खाऊनही एडीआय ओलांडला न जाणे शक्य असते, आणि प्रत्येक पदार्थ नियमात बसूनही दिवसाची बेरीज एडीआयच्या पुढे जाणे शक्य असते. हे कसे, ते पुढे एका उदाहरणात पाहू.

त्याआधी हा आकडा येतो कुठून, ते समजून घेऊ. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची एक संयुक्त तज्ज्ञ समिती १९५६ पासून काम करते. तिला ‘जेक्फा’ म्हणतात. एखाद्या अन्नमिश्रकावर झालेले प्राण्यांवरचे प्रयोग ही समिती तपासते. प्रयोगात उंदरांचे गट करून प्रत्येक गटाला त्या पदार्थाची वेगवेगळी मात्रा जन्मभर खाऊ घालतात आणि वजन, रक्त, यकृत, मूत्रपिंड, गाठी, प्रजनन अशा अनेक गोष्टी पाहतात. ज्या सर्वांत मोठ्या मात्रेवर अपाय दिसला नाही, ती मात्रा हाती धरायची. टार्ट्राझिनच्या बाबतीत, २०१६ साली जेक्फाने ज्या प्रयोगावर निर्णय बेतला त्यात ही मात्रा उंदराच्या दर किलो वजनामागे रोज ९८४ मिलिग्रॅम होती. त्यापेक्षा जास्त रंग खाल्लेल्या उंदरांचे वजन कमी भरले. गाठी वगैरे नव्हेत, तर वजन कमी भरणे, हाच तो अपाय.

आता ९८४ ला १०० ने भागायचे. उत्तर ९.८४ येते, ते १० धरले गेले. टार्ट्राझिनचा एडीआय ‘दर किलो वजनामागे ० ते १० मिलिग्रॅम’ आहे तो असा.

हा शंभरचा भागाकार अनेकांना मनमानी वाटतो आणि काही अंशी तो तसा आहेही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या लेहमन आणि फिट्झह्यू या दोन शास्त्रज्ञांनी १९५४ साली तो सुचवला आणि तो जगभर रुळला. त्यामागचा विचार मात्र साधा आहे. माणूस म्हणजे मोठा उंदीर नव्हे. तो उंदरापेक्षा दहापट संवेदनशील असू शकेल असे गृहीत धरा. शिवाय माणसामाणसांत फरक असतो; म्हातारे, मुले, आजारी माणसे सरासरीपेक्षा आणखी दहापट संवेदनशील असतील असे धरा. दहा गुणिले दहा म्हणजे शंभर. पुढे या दोन दहांचीही फोड केली गेली: उंदीर आणि माणूस यांच्यातल्या दहाचे चार आणि अडीच असे दोन भाग केले गेले. शरीर तो पदार्थ किती वेगाने शोषते, मोडते आणि बाहेर टाकते यातल्या फरकासाठी चार, आणि शरीरात असताना तो पेशींवर काय परिणाम करतो यातल्या फरकासाठी अडीच. ही फोड निव्वळ शास्त्रीय हौस वाटेल, पण बेंझोएटचा आकडा चौपट होण्यात तिचाही वाटा होता, म्हणून ती लक्षात ठेवावी.

एडीआय लिहिताना सुरुवातीला शून्य का लिहितात, याचेही एक कारण आहे. तो आकडा म्हणजे गाठायचे लक्ष्य नव्हे. रोजच्या जीवनसत्त्वाच्या गरजेसारखी ही शिफारस नाही. शून्य मिलिग्रॅम पोटात गेले तर उत्तमच, आणि वरच्या टोकापर्यंत रोज, जन्मभर गेले तरी लक्षात घ्यावा असा धोका अपेक्षित नाही, एवढेच त्यातून सांगायचे असते. ‘रोज’ आणि ‘जन्मभर’ हे दोन्ही शब्द महत्त्वाचे आहेत. लग्नाच्या पंगतीत एका दिवशी कोणी दुप्पट खाल्ले, तर तो आकडा एका दिवसापुरता ओलांडला जातो. सरासरीत तो जिरून जातो. रोजच्या सवयीत ओलांडला जाणे ही वेगळी गोष्ट.

एकाच पदार्थाचे दोन एडीआय कसे असू शकतात, हे पाहिल्यावर या आकड्याचा स्वभाव अधिक कळतो. टार्ट्राझिनला जेक्फाने १९६० च्या दशकात ७.५ दिला होता, तो २०१६ मध्ये १० झाला. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००९ मध्ये फेरतपासणी करून ७.५ च कायम ठेवला. दोघांपैकी कोणी चुकले आहे असे नाही. कोणता प्रयोग आधाराला घ्यायचा यावर मतभेद आहे. बेंझोएटच्या बाबतीत फरक मोठा आहे. युरोपीय प्राधिकरणाने २०१६ मध्ये उंदरांच्या चार पिढ्यांवर झालेला एक जुना प्रयोग आधाराला घेतला. त्यात ५०० मिलिग्रॅमपर्यंत अपाय दिसला नव्हता. शंभराने भागून ५ आले. जेक्फाचाही आकडा पूर्वी ५ च होता. पण २०२१ मध्ये त्या समितीपुढे प्रजनन आणि पिल्लांची वाढ तपासणारा नवा, अधिक काटेकोर प्रयोग आला. त्यात दिलेल्या सर्वांत मोठ्या म्हणजे १००० मिलिग्रॅमच्या मात्रेवरही अपाय दिसला नाही. शिवाय बेंझोएटचे शरीरात काय होते याची माहिती बरीच उपलब्ध होती, म्हणून उंदीर आणि माणूस यांच्यातल्या वेगाच्या फरकासाठी चारऐवजी दोन धरणे समितीला योग्य वाटले. दोन गुणिले अडीच गुणिले दहा, म्हणजे ५०. हजाराला पन्नासने भागले की २०. आज जेक्फाचा आकडा २० आहे आणि युरोपचा ५. आपल्या हिशेबात मी मुद्दाम ५ वापरणार आहे, कारण कडक मोजपट्टीने मोजून जे पार होते त्याची चिंता दोन्ही मोजपट्ट्यांनी मिटते.

बेंझोएटची माहिती एवढी का उपलब्ध आहे, तर शरीराला ते अनोळखी नाही. दालचिनीत आणि क्रॅनबेरीसारख्या फळांत बेंझोइक आम्ल निसर्गतःच असते, आणि दह्यातही विरजणाचे जिवाणू दुधातल्या एका घटकापासून ते थोडेसे तयार करतात. पोटातून शोषले गेलेले बेंझोएट यकृतात ग्लायसिन नावाच्या अमिनो आम्लाला जोडले जाते, त्याचे हिप्युरिक आम्ल होते आणि ते लघवीवाटे साधारण दिवसभरात निघून जाते. साठून राहत नाही. हीच वाट डॉक्टर एका दुर्मीळ आजारासाठी उपयोगात आणतात: ज्या मुलांच्या शरीरात जन्मजात दोषामुळे अमोनिया साठतो, त्यांना दर किलोमागे २५० मिलिग्रॅम सोडियम बेंझोएट औषध म्हणून दिले जाते, म्हणजे ग्लायसिनबरोबर नायट्रोजन बाहेर पडतो. ही मात्रा ५ च्या एडीआयच्या चाळीसपटीहून अधिक आहे. यावरून ‘मग खायला काय हरकत’ असा निष्कर्ष काढू नये, कारण ते उपचार रुग्णालयात, रक्त तपासत होतात. पण एडीआय ओलांडला की विषबाधा, ही समजूत किती चुकीची आहे ते यावरून दिसते.

आता उदाहरण. चार वर्षांचे, पंधरा किलो वजनाचे एक मूल धरा. मे महिन्याची सुट्टी आहे.

बेंझोएटसाठी कडक एडीआय ५, म्हणून या मुलाची दिवसाची मर्यादा १५ गुणिले ५ म्हणजे ७५ मिलिग्रॅम. हा आकडा बेंझोइक आम्लाच्या हिशेबात आहे. सोडियम बेंझोएटच्या वजनाचा सुमारे ८५ टक्के भाग बेंझोइक आम्ल असतो, बाकी सोडियम. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०११ च्या नियमावलीत स्क्वॉश, क्रश आणि सिरपसाठी बेंझोइक आम्लाची मर्यादा ६०० पीपीएम, तयार पेयांसाठी १२०, टोमॅटो सॉससाठी ७५० आणि लोणच्यासाठी २५० अशी होती. स्क्वॉश आणि तयार पेय यांच्या आकड्यांत पाचपटीचा फरक आहे तो उगाच नव्हे: एका भाग स्क्वॉशमध्ये चार भाग पाणी घालून पितात, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

मुलाने दुपारी एक ग्लास सरबत प्यायले. त्यात ४० मिलिलिटर स्क्वॉश होते. साखरेमुळे स्क्वॉश पाण्यापेक्षा जड असते, म्हणून ४० मिलिलिटर म्हणजे वजनाने ४७ ग्रॅमच्या आसपास. ६०० पीपीएम या कमाल मर्यादेइतके परिरक्षक असेल, तर त्या ग्लासात सुमारे २८ मिलिग्रॅम गेले. संध्याकाळी दुसरा ग्लास: ५६. जेवताना पराठ्याबरोबर २० ग्रॅम सॉस, त्याचे १५ मिलिग्रॅम: ७१. बोटभर लोणचे, दहा ग्रॅम, त्याचे अडीच: साडेत्र्याहत्तर. एवढे होईपर्यंत मोजपट्टी भरत आली. तिसरा ग्लास मागितला आणि दिला, की बेरीज शंभरापुढे जाते. यातला एकही पदार्थ बेकायदा नाही, कुठे भेसळ नाही. साठ किलोच्या बापाने हेच सगळे खाल्ले-प्यायले तर त्याची मर्यादा ३०० मिलिग्रॅम आहे, तो निर्धास्त. वजनाच्या मानाने मूल बापापेक्षा खूप जास्त पिते, हे घरात कोणी मोजत नाही. पण एडीआयचा सगळा प्रश्न तिथेच आहे. युरोपच्या २०१६ च्या तपासणीतही हेच निघाले होते: चवदार थंड पेये भरपूर पिणाऱ्या लहान मुलांत बेंझोएटचा एडीआय ओलांडला जाऊ शकतो. जेक्फाच्या नव्या आकड्याने मोजले, तर याच मुलाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम होते आणि तीन ग्लासांची गोष्टच उरत नाही.

आता त्याच ग्लासातला टार्ट्राझिन पाहा. नियमानुसार पिण्यास तयार पेयात कृत्रिम रंग जास्तीत जास्त १०० पीपीएम. २०० मिलिलिटरच्या ग्लासात तो २० मिलिग्रॅम. तीन ग्लासांत ६०. कडक ७.५ च्या मोजपट्टीने या मुलाची मर्यादा ११२.५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे तीन ग्लासांनंतरही जवळपास निम्मी पट्टी मोकळी. लोक घाबरतात ते पिवळ्या रंगाला, कारण तो डोळ्यांना दिसतो. परिरक्षक दिसत नाही. पण कायदेशीर मर्यादेत राहून पट्टी आधी भरते ती परिरक्षकाची.

अर्थात हा हिशेब कमाल मर्यादा धरून केला आहे. बाटलीत खरोखर किती आहे ते लेबलवर नसते, आणि बहुतेक उत्पादक मर्यादेच्या खालीच राहतात, कारण परिरक्षक आणि रंग दोन्ही पैसे खर्चून घालावे लागतात. घरी करता येतो तो एवढाच, ‘जास्तीत जास्त किती गेले असेल’ याचा हिशेब. पण त्यातूनच कळते की ग्लासांची संख्या महत्त्वाची, आणि त्यातही ग्लासात स्क्वॉश किती ओतले ते. ‘गोड हवे’ म्हणून ४० ऐवजी ८० मिलिलिटर ओतले, तर दोन ग्लासांचे काम एकातच होते.

कारखान्यापेक्षा हा हिशेब घरगुती उद्योगात अधिक वेळा चुकतो. उन्हाळ्यात आंब्याचा, कोकमाचा, लिंबाचा अर्क घरी करून विकणाऱ्या अनेक बाया-बापड्यांची ‘एक किलोला एक चमचा’ अशी तोंडपाठ कृती असते. ६०० पीपीएम बेंझोइक आम्ल हवे असेल, तर एक किलो स्क्वॉशला सुमारे ०.७ ग्रॅम सोडियम बेंझोएट लागते. चहाचा सपाट चमचा सहज अडीच ग्रॅम भरतो, म्हणजे साडेतीनपट. अशा स्क्वॉशच्या एका ग्लासातच सुमारे १०० मिलिग्रॅम बेंझोइक आम्ल जाते आणि पंधरा किलोच्या मुलाची कडक मर्यादा पहिल्याच ग्लासात ओलांडली जाते. सरबत प्यायल्यावर घशात मिऱ्यासारखी किंचित चुरचुर राहणे, ही जास्त बेंझोएटची एक खूण आहे. पण ती सर्वांना जाणवत नाही, म्हणून तिच्या भरवशावर राहण्यापेक्षा दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा बरा. असे स्वस्त काटे आता सर्रास मिळतात.

घालण्याच्या पद्धतीतही चूक होते. सोडियम बेंझोएट पाण्यात चटकन विरघळते, पण आंबट द्रवात पडले की त्याचे बेंझोइक आम्ल होते आणि ते फार कमी विरघळते. म्हणून कोरडी पूड थेट लिंबाच्या रसात टाकली, तर पांढरे तरंगते कण बनतात. ते वरच राहतात, आणि बाटलीच्या पहिल्या ग्लासात जास्त, शेवटच्या ग्लासात जवळपास काहीच नाही असे होते. पूड आधी थोड्या कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून, मग सतत ढवळत अर्कात घालायची. आणि हे परिरक्षक आंबट पदार्थांतच काम करते. जंतूंच्या पेशीत शिरते ते आम्लरूपातले बेंझोएट. सामू, म्हणजे पीएच, ४.२ असेल तेव्हा निम्मे आम्लरूपात असते, ३ असेल तर जवळपास सगळे, आणि ६ च्या पुढे अगदी नगण्य. म्हणून दुधाच्या मसाला पेयात किंवा पुरणासारख्या गोड पदार्थात टिकण्यासाठी बेंझोएट घालणे म्हणजे पट्टी विनाकारण भरणे. पदार्थ तरीही नासतो.

रंगाच्या बाबतीत असाच ‘चिमूट’ हा शब्द गडबड करतो. लग्नाच्या बुंदीचा किंवा जिलेबीचा एक मोठा घाणा, पाच किलो धरू. १०० पीपीएमच्या मर्यादेत त्या सगळ्या घाण्याला मिळून अर्धा ग्रॅम शुद्ध रंग चालतो. हलवायाने डोळ्यांनी पाहून, ‘जरा उठून दिसू दे’ म्हणत तीन ग्रॅम घातला, तर मिठाईत ६०० पीपीएम होतात आणि नमुना घेणाऱ्या निरीक्षकाच्या दृष्टीने तो गुन्हा आहे. मुलाच्या दृष्टीने पाहिले, तर १०० ग्रॅम बुंदीत ६० मिलिग्रॅम गेले, अजून एडीआयच्या आत; २०० ग्रॅम खाल्ली तर १२० मिलिग्रॅम, म्हणजे ७.५ च्या मोजपट्टीने ओलांडले. एका दिवसापुरते हे फारसे काही नाही. पण रंगीत मिठाई, रंगीत गोळ्या आणि रंगीत पेय ही रोजची सवय असेल, तर हे काल्पनिक राहत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने शहरातल्या मुलांच्या खाण्याचा जो अभ्यास केला, त्यातही काही मुलांत टार्ट्राझिनसह काही रंगांचा एडीआय ओलांडला गेल्याचे आढळले होते. बाजारातल्या रंगाच्या पाकिटांत शुद्ध रंगाशिवाय मीठ वगैरे भरही असते, म्हणून पाकिटावर लिहिलेले शुद्ध रंगाचे प्रमाण पाहून वजन ठरवावे लागते.

एडीआयमध्ये काय मावत नाही, हे त्यात काय मावते याइतकेच ठाऊक हवे. तो अगदी तान्ह्या बाळांना लागू धरत नाहीत. जेक्फाने बारा आठवड्यांखालील बाळांना त्यातून वगळले आहे. याचे कारण बेंझोएटच्या बाबतीत दुःखद रीतीने सिद्ध झालेले आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या नवजात अतिदक्षता विभागांत बाळांच्या नळ्या धुण्यासाठी वापरलेल्या द्रवात परिरक्षक म्हणून बेंझिल अल्कोहोल होते. शरीरात त्याचे बेंझोइक आम्ल होते, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या यकृताला ते ग्लायसिनला जोडून बाहेर टाकणे जमत नाही. ते साठले, बाळांना धाप लागली आणि काही दगावली. सरासरी माणसासाठी बांधलेला शंभरचा भाग अपरिपक्व यकृतापर्यंत पोहोचत नाही.

दुसरी न मावणारी गोष्ट म्हणजे व्यक्तिगत अतिसंवेदनशीलता. थोड्या लोकांना, विशेषतः ज्यांना ॲस्पिरिनने पित्त उठते अशांपैकी काहींना, टार्ट्राझिनच्या अल्प मात्रेनेही अंगावर गांधी उठतात. त्यांच्यासाठी १० काय आणि ७.५ काय; त्यांना लेबल वाचून टाळणे एवढाच मार्ग आहे, आणि म्हणूनच लेबलवर रंगाचे नाव किंवा क्रमांक असणे त्यांच्या दृष्टीने कुठल्याही एडीआयपेक्षा मोलाचे आहे.

तिसरा वाद मुलांच्या चंचलतेचा. २००७ साली इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाने तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना काही दिवस रंग आणि सोडियम बेंझोएट असलेला रस, आणि काही दिवस तसाच दिसणारा साधा रस दिला. तीन वर्षांच्या मुलांना दिलेल्या एका मिश्रणात टार्ट्राझिन दिवसाला फक्त साडेसात मिलिग्रॅम होते, म्हणजे पंधरा किलोच्या मुलात दर किलोमागे अर्धा मिलिग्रॅम. एडीआयच्या कितीतरी खाली. तरी त्या मिश्रणाने काही मुलांत चंचलता थोडी वाढलेली दिसली. दुसऱ्या मिश्रणाचे निकाल वयानुसार वेगवेगळे आले, आणि सगळे एकत्र दिल्यामुळे कोणत्या घटकाने काय केले ते वेगळे काढता आले नाही. युरोपीय प्राधिकरणाने परिणाम लहान आणि पुरावा मर्यादित म्हणून या अभ्यासावरून एडीआय बदलला नाही. तरीही युरोपात २०१० पासून टार्ट्राझिनसह सहा रंग असलेल्या पदार्थांवर ‘मुलांच्या हालचालींवर व लक्षावर प्रतिकूल परिणाम होऊ शकतो’ अशी सूचना लिहावी लागते. माझ्या मते हा समतोल बरोबर आहे: आकडा हलवण्याइतका पुरावा नव्हता, पण पालकांना सांगण्याइतका होता.

बेंझोएटचा आणखी एक वेगळा प्रश्न आहे. पेयात बेंझोएट आणि क जीवनसत्त्व दोन्ही असतील, तर उष्णता आणि प्रकाश यांच्या साह्याने अत्यंत अल्प प्रमाणात बेंझीन तयार होऊ शकते, आणि ते कर्करोगकारक आहे. ते मिलिग्रॅममध्ये नव्हे तर त्याच्या हजाराव्या भागांत मोजतात. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. बेंझोएटचा एडीआय या बेंझीनबद्दल काहीच सांगत नाही. उपाय मात्र सोपा आहे: लिंबू-संत्र्याच्या बाटल्या टपरीच्या उन्हात रचून ठेवू नयेत, आणि अशा ठिकाणाहून घेऊ नयेत.

आणि शेवटी असे रंग, ज्यांना एडीआय दिलेलाच नाही. मेटॅनिल यलो हा कापड आणि कागद रंगवण्याचा पिवळा रंग स्वस्त असल्याने हळदीत, डाळीत, कधी लाडू-जिलेबीत सापडतो. गुलाबी ऱ्होडामिन-बी हा त्याचाच भाऊबंद, २०२४ साली तामिळनाडूने त्याच कारणावरून कापूस मिठाईवर बंदी घातली. यांच्यासाठी ‘किती चालेल’ हा हिशेबच लागू नाही, मात्रा कितीही असो. चिमूटभर हळद पाण्यात ढवळून त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकले, तर गुलाबी-जांभळा रंग उमटतो. नुसत्या हळदीचा गुलाबीपणा वर आणखी पाणी घातल्यावर नाहीसा होतो. मेटॅनिल यलो असेल तर तो तसाच राहतो.